ओट्यावरचा नळ: खर्च किती, गळतं कुठे

ओट्याच्या किंवा सिंकच्या भोकात उभा नळ बसवायला सोनाळ्यात साधारण दीड ते दोन हजार रुपये धरा. पितळी स्वान नेक नळ ९००, अँगल कॉक ३५०, स्टीलची जाळी असलेला कनेक्शन पाइप २००, मजुरी ४००. म्हणजे १,८५० रुपये. दर दुकानागणिक बदलतील. प्लंबर अकोट किंवा शेगावहून बोलावणार असाल, तर गाडीभाडं मजुरीत धरलंय का, ते फोनवरच विचारा. ग्रॅनाइटला नवं भोक पाडायचे पैसेही वेगळे लागतात.

दुकानात जाण्याआधी तीन मापं घ्या: भोकाची रुंदी, ओट्याची जाडी आणि अँगल कॉकपासून भोकापर्यंतचं अंतर. नळाची आटी ओट्याखाली इतकी उरली पाहिजे, की तिच्यावर आधी चेकनट आणि मग कनेक्शनचा नट बसेल. पाइप अंतरापेक्षा थोडा लांब घ्या. ताणलेला पाइप नटाजवळ लवकर जातो, आणि घडी पडली की धार बारीक होते.

काम तासाभराचं आहे. टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा, जुना नळ उघडून पाणी काढा. नव्या नळाच्या बुडाला रबर रिंग लावून तो भोकात उभा करा. खालून वायसर आणि चेकनट घाला. वरून कुणालातरी नळ सरळ धरायला सांगा, नाहीतर नट आवळताना तो फिरतो. स्टीलच्या सिंकचा पत्रा पातळ असतो. तिथे खाली जाड प्लॅस्टिकची चकती दिली नाही, तर नळ डुलत राहतो आणि पुढे सांधाही ढिला होतो.

खरी चूक पुढे होते. कनेक्शनच्या नटात रबरी वायसर असतो. पाणी तोच अडवतो, आटी नव्हे. म्हणून तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, तिच्या जाडीमुळे वायसर नीट टेकत नाही. टेप हवी ती अँगल कॉक भिंतीत जातो त्या आटीला. कनेक्शनचा नट हाताने घट्ट करा, मग पान्याने पाव फेरा. तरी पाझरला तर आणखी थोडाच आवळा. जोर लावला तर रबर चिरतं, आणि ‘पाइपच खराब आहे’ म्हणून नवा पाइप तुमच्या बिलात येतो. आधी वायसर बदलून मागा, तो पाच-दहा रुपयांचा असतो.

तपासताना सगळे सांधे कोरडे पुसून पाणी सोडा आणि कोरडा कागद वरून खाली एकेका सांध्याला टेकवा. वरचं पाणी पाइपवरून ओघळून खालच्या नटाशी टपकतं, त्यामुळे निर्दोष नट आवळला जातो. मजुरी कागद कोरडा निघाल्यावरच द्या. तालुक्याचा बराच भाग खारपाणपट्ट्यात आहे. जड पाणी असेल तर आठवड्याने नटाभोवती पांढरी खपली दिसते का, ते पाहा. दिसली तर तिथे बारीक गळती आहे.

नळाचं पक्कं बिल आणि दुकानाचा शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड जपून ठेवा. प्लंबरने स्वतः आणलेल्या सामानाचंही बिल मागा.