‘एवढी’ की ‘अशी’?

आजचं वचन : योहान ३:१६

यातलं ‘एवढी’ आपण सगळेच जोर देऊन म्हणतो, जणू देव प्रीतीचं माप सांगतोय. मूळ ग्रीकमध्ये तिथे ‘हूतोस’ आहे. त्याचा नेहमीचा अर्थ ‘अशा रीतीने’.

तपासायला लांब जायला नको. दोनच वचनं मागे, १४ मध्ये, हाच शब्द आहे: मोशेने रानात सर्प उंच केला, ‘तसंच’ मनुष्याच्या पुत्राला उंच केलं जाणार. तिथे ‘एवढं’ बसतच नाही. (गणना २१ वाचा, साप चावलेला माणूस खांबावरच्या पितळी सापाकडे बघायचा आणि जगायचा.) १६ वं वचन तोच धागा पुढे नेतं. प्रीती कशी केली? पुत्र देऊन.

आठवडा वाईट गेला की मी देवाची प्रीती मोजायला बसतो. वचन मात्र घडून गेलेल्या गोष्टीकडे बोट दाखवतं.

मग ‘एवढी’ चूक आहे? मला तसं वाटत नाही. गलती १:६ मध्ये ‘इतक्या लवकर’ म्हणताना हूतोसच प्रमाण दाखवतो, पण तिथे तो क्रियाविशेषणाला जोडलाय. इथे क्रियापदाला जोडलाय, म्हणून रीत आधी. तरी पुढे परिणाम सांगणारं ‘होस्ते’ येतं, त्यामुळे मापाची छटा पूर्ण पुसता येत नाही.