घसा दुखतो : साधा की स्ट्रेपचा? स्वॅब केव्हा घ्यावा?

आपल्या कर्जत-खालापूर भागात पाऊस सुरू झाला की घराघरात घसा धरलेला दिसतो. ओले कपडे, बंद खिडक्या, एकाच खोलीत झोपणारी चार-पाच माणसे आणि आश्रमशाळेतील वा वसतिगृहातील दाटीवाटी यामुळे एकाचा घसा दुसऱ्याला लागतो. अशा वेळी बहुतेक घरांत एकच उपाय होतो. मेडिकलमधून दोन-तीन गोळ्या आणतात, ताप उतरला की उरलेल्या कपाटात ठेवतात आणि पुढच्या वेळी त्याच वापरतात. या सवयीत कोणती चूक होते हे समजण्यासाठी घसा दुखण्याचे दोन प्रकार नीट ओळखले पाहिजेत. विद्यार्थ्यांनाही हे सहज लक्षात राहील म्हणून एका घराचे उदाहरण घेऊन सांगतो.

समजा, नेरळजवळच्या एका घरात दोन भावंडे आहेत. तेरा वर्षांच्या मुलाला आधी नाक वाहू लागले, मग खोकला आला, आवाज बसला आणि घसा खवखवू लागला. ताप ९९.५ च्या आसपास राहिला, डोळे थोडे लाल झाले. घशात पाहिले तर सगळीकडे सारखी लाली, पण पांढरे काही नाही. चार दिवसांनी त्याच्या नऊ वर्षांच्या बहिणीला दुपारपर्यंत काही नव्हते, आणि संध्याकाळी एकदम घसा दुखू लागला. घोट गिळताना डोळ्यांत पाणी येई. डोके दुखले, पोटात दुखले, एक उलटी झाली. ताप १०२ झाला. नाक कोरडे, खोकला नाही. टॉन्सिल सुजलेले, त्यांवर पिवळसर पांढरे ठिपके, आणि जबड्याखाली मानेच्या पुढच्या बाजूस गाठी, हात लावला की दुखणाऱ्या.

घरच्यांना वाटले, भावाचाच घसा बहिणीला लागला. पण ही दोन वेगळी दुखणी असण्याचा संभव मोठा आहे. भावाचे दुखणे विषाणूचे आहे. विषाणू नाक, स्वरयंत्र, श्वासनलिका असा पसरतो, म्हणून सर्दी, खोकला, बसलेला आवाज आणि लाल डोळे त्याच्यासोबत येतात. हे दुखणे साधारण आठवड्याभरात आपोआप बरे होते. जंतूंवरची औषधे, म्हणजे अँटिबायोटिक, विषाणूवर चालत नाहीत. मीठ घातलेल्या कोमट पाण्याच्या गुळण्या, भरपूर पाणी आणि वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल एवढे पुरते. मुलांना तापासाठी अ‍ॅस्पिरिन मात्र देऊ नये.

बहिणीचे दुखणे स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूचे असू शकते. सूक्ष्मदर्शकाखाली हे गोल जंतू माळेसारखे एकापुढे एक दिसतात. त्यांचे गट रिबेका लान्सफील्ड या अमेरिकन शास्त्रज्ञ महिलेने १९३३ साली पाडले. घशाच्या दुखण्यात महत्त्वाचा तो ‘अ’ गट. शाळकरी वयातील घसा दुखणाऱ्या दहा मुलांपैकी सुमारे दोन-तीन मुलांतच तो सापडतो, मोठ्या माणसांत त्याहून कमी. म्हणजे बहुतेक घसे विषाणूचेच असतात.

मग या थोड्यांसाठी एवढी खटपट कशासाठी? घशातील स्ट्रेपही बहुधा आठवड्यात आपोआप शांत होतो, पण काही मुलांत दोन-तीन आठवड्यांनी त्याचा दुसरा अंक सुरू होतो. जंतूंशी लढण्यासाठी तयार झालेली शरीराची शक्ती चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटते. आधी गुडघा, मग घोटा, मग मनगट असे सांधे सुजतात आणि पुन्हा ताप येतो. यास संधिवाताचा ताप, म्हणजे रूमॅटिक फीवर, म्हणतात. सांधे बरे होतात, पण झडपेवर राहिलेला व्रण जन्मभर राहू शकतो. तरुणपणी जिना चढताना दम लागणे किंवा बाळंतपणात हृदयाचा त्रास होणे याचे मूळ कधीकधी लहानपणीच्या अशा घशात असते. बालकांची शाळेत व अंगणवाडीत तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, त्याच्या आजारांच्या यादीतही हा हृदयविकार आहे.

आता स्वॅबकडे येऊ. डॉक्टर चार गोष्टी पाहतात. यांना सेंटॉर नावाच्या डॉक्टरांनी १९८१ साली मांडलेल्या खुणा म्हणतात. पहिली, ताप १००.४ च्या वर. दुसरी, खोकला नसणे. तिसरी, टॉन्सिलवर पांढरे ठिपके वा सूज. चौथी, मानेच्या पुढच्या बाजूस दुखऱ्या गाठी. प्रत्येकीला एक गुण. वय तीन ते चौदा असेल तर आणखी एक गुण, आणि पंचेचाळीस वा अधिक असेल तर एक गुण वजा. शून्य वा एक गुण असेल तर स्वॅबची गरज नाही. दोन-तीन असतील तर स्वॅब घ्यावा. चार वा अधिक असतील तरी तपासणी करणे चांगले, कारण चारही खुणा असलेल्या रुग्णांत सुद्धा साधारण निम्म्यांतच स्ट्रेप निघतो. नुसत्या डोळ्यांनी पाहून खात्री होत नाही ती यामुळे.

आपल्या घरातील भावाला वयाचा एकच गुण मिळतो, खुणांचा एकही नाही. बहिणीला चार खुणांचे चार आणि वयाचा एक, असे पाच. स्वॅब बहिणीचा घ्यायचा, भावाचा नाही.

भावाचाही घेतला तर बिघडले काय, असे कोणी विचारील. बिघडते ते असे : काही निरोगी मुलांच्या घशात हा जंतू त्रास न देता राहतो. अशा मुलाला साधी सर्दी झाली आणि स्वॅब घेतला तर अहवालात जंतू दिसेल, दुखणे मात्र विषाणूचेच असेल, आणि मुलाला दहा दिवसांचे औषध विनाकारण मिळेल. म्हणून वाहते नाक, खोकला, बसलेला आवाज वा तोंडात फोड असलेल्या मुलाचा स्वॅब घेत नाहीत. तीन वर्षांखालील बालकांत संधिवाताचा ताप फार विरळ. त्यांचा स्वॅबही सहसा घेत नाहीत, घरात कोणाला स्ट्रेप असल्याचे ठरले असेल तर गोष्ट वेगळी.

याउलट काही जणांच्या बाबतीत गुणांचे गणित बाजूला ठेवून लगेच डॉक्टर गाठावा. ज्याला पूर्वी संधिवाताचा ताप येऊन गेला आहे किंवा झडपेचा आजार आहे त्याचा कोणताही तापाचा घसा, तसेच घशाबरोबर अंगावर सॅंडपेपरसारखे खरखरीत लाल पुरळ आलेले मूल, ही ती दोन उदाहरणे होत.

स्वॅब घेण्याची रीत सोपी असली तरी त्यात दोन ठिकाणी चूक होते. पहिली चूक घेण्यात. जीभ दाबून धरून फाया दोन्ही टॉन्सिलवर व मागच्या भिंतीवर घासून फिरवावा लागतो. मुलाला ओकारी येते, म्हणून घाईत फाया जिभेला वा गालाला लागला तर लाळच गोळा होते आणि जंतू असूनही सापडत नाही. दुसरी चूक त्याहून सर्रास होते. अँटिबायोटिकच्या एक-दोन मात्रा पोटात गेल्यावर स्वॅब घेतला जातो. औषधाने वरवरचे जंतू मरतात, अहवाल ‘जंतू नाही’ असा येतो, आणि खरा आजार अर्धवट उपचारात दडून राहतो. म्हणून नियम एकच : आधी स्वॅब, मग गोळी.

प्रयोगशाळेत तो फाया रक्त मिसळलेल्या आहारावर, म्हणजे ब्लड अगारच्या बशीवर, फिरवून उबेत ठेवतात. दुसऱ्या दिवशी बारीक राखी ठिपके आणि प्रत्येकाभोवती रक्त विरघळून झालेले स्वच्छ वर्तुळ दिसले की स्ट्रेपचा संशय पक्का होतो, मग पुढील चाचणीने ‘अ’ गट ठरवतात. पहिल्या दिवशी काही दिसले नाही तर आणखी एक दिवस थांबून बशी पुन्हा पाहतात. काही ठिकाणी काही मिनिटांत निकाल देणारी झटपट चाचणीही असते. ती ‘आहे’ म्हणाली तर विश्वास ठेवावा. मुलाच्या बाबतीत ‘नाही’ म्हणाली तर कल्चर करून खात्री करावी. लहान लॅबमध्ये कल्चरची सोय नसते, नमुना मोठ्या लॅबकडे पाठवावा लागतो, हे आधी विचारून घ्यावे. रक्तातील ए.एस.ओ. तपासणी मात्र या वेळी उपयोगाची नाही. तिचा आकडा घसा दुखल्यावर आठवड्याहून अधिक काळाने वाढू लागतो. आज दुखणाऱ्या घशाविषयी ती काही सांगत नाही.

एवढे दोन-तीन दिवस थांबणे धोक्याचे नाही का? नाही. अमेरिकेत वायोमिंग राज्यातील वॉरेन विमानदल तळावर १९५० च्या सुमारास सैनिकांवर झालेल्या अभ्यासातून दिसले की स्ट्रेपच्या घशावर पेनिसिलिन दिल्याने संधिवाताचा ताप टळतो. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत उपचार सुरू झाला तरी हे संरक्षण मिळते, असे पुढे मानले गेले. म्हणजे अहवाल येईपर्यंत ताप-दुखीचे साधे औषध देऊन वाट पाहण्यास पुरेसा अवधी आहे. कपाटातली उरलेली गोळी मात्र अजिबात देऊ नये. डॉक्टरांनी मुलाची अवस्था पाहून औषध लगेच सुरू केलेच आणि कल्चरमध्ये स्ट्रेप आला नाही, तर ते थांबवायचे का, हे त्यांनाच विचारावे.

बहिणीच्या अहवालात ‘अ’ गट आला, असे धरू. तिला पेनिसिलिन किंवा अ‍ॅमॉक्सिसिलिन पूर्ण दहा दिवस द्यायचे, अथवा बेंझाथिन पेनिसिलिनचे एकच इंजेक्शन. औषधाची अ‍ॅलर्जी पूर्वी झाली असेल तर आधीच सांगावे. दोन दिवसांत ती खेळू लागेल, आणि नेमके इथेच बहुतेक घरे औषध बंद करतात. घसा बरा वाटणे म्हणजे जंतू संपणे नव्हे, दहा दिवस त्यासाठीच आहेत. औषधास एक दिवस झाला व ताप उतरला की ती शाळेत जाऊ शकते. भावाला काही त्रास नसेल तर त्याचा स्वॅब नको, आणि ती बरी झाल्यावर तिचाही पुन्हा नको.

शेवटी, काही खुणा दिसल्या तर स्वॅबच्या विचारात वेळ घालवू नये. लाळ गिळता न येणे, तोंड न उघडणे, श्वास घेताना आवाज येणे, एका बाजूचा घसा फुगणे, मान ताठ होणे, किंवा घशात राखाडी पडदा धरून मान सुजणे, म्हणजे घटसर्पाचा संशय. अशा मुलाच्या घशात घरी चमचा घालू नये. त्याला बसते ठेवून तडक मोठ्या रुग्णालयात न्यावे.

डॉक्टरांकडे जाताना चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात : घसा कोणत्या दिवशी दुखू लागला, ताप किती, खोकला-सर्दी आहे की नाही, आणि आतापर्यंत कोणती गोळी दिली. यातील शेवटची गोष्ट लपवली तर स्वॅबच खोटे बोलतो.