टॉवेलवर ‘पर्यावरणपूरक’ छापावे का?

प्रश्न : सोलापुरात आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. ५०० ग्रॅमच्या टॉवेलात लूपचे ३०० ग्रॅम सूत प्रमाणित सेंद्रिय कापसाचे असते, उरलेले साधे. रंगकाम बाहेरून करून घेतो. वेष्टनावर ‘१०० टक्के सेंद्रिय, पर्यावरणपूरक, अझोमुक्त’ छापले तर अडचण येईल का? बाजारात सगळेच असे छापतात.
– एक उत्पादक, सोलापूर

उत्तर : येईल, आणि तिन्ही शब्दांची अडचण वेगवेगळी आहे. आधी ‘सेंद्रिय’ पाहू. तुमच्याच आकड्यांनुसार सेंद्रिय सूत ६० टक्के आहे. ‘गॉट्स’ या कापड-प्रमाणपत्रात ‘सेंद्रिय’ म्हणायला ९५ टक्के तंतू सेंद्रिय लागतात आणि खालच्या दर्जाच्या लेबलालाही ७० टक्के. शिवाय ते प्रमाणपत्र सुतापाशी थांबत नाही. विणाई आणि रंगकाम करणारी ठिकाणेही प्रमाणित असावी लागतात. म्हणजे सूतगिरणीचे कागद खरे असूनही त्यांच्या जोरावर टॉवेलवर ते चिन्ह लावता येणार नाही. ‘अझोमुक्त’ची गोष्ट वेगळी. घातक अझो रंगांवर भारतात १९९७ पासून बंदी आहे. जे सर्वांनाच सक्तीचे आहे, ते आपला खास गुण म्हणून मिरवणे जाहिरात मानक परिषदेच्या (आस्की) पर्यावरणविषयक नियमांत बसत नाही.

‘पर्यावरणपूरक’ हा तिघांत सर्वांत धोक्याचा, कारण तो नेमके काहीच सांगत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये याविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. असे मोघम शब्द पुरावा आणि खुलाशाशिवाय वापरू नयेत, आणि दावा संपूर्ण मालाबद्दल आहे की एखाद्या भागाबद्दल, वेष्टनाबद्दल की उत्पादन-प्रक्रियेबद्दल हे स्पष्ट करावे, असे त्यांत म्हटले आहे. लहान कारखान्याला सूट नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. सगळेच छापतात हा बचाव तिथे चालत नाही. उलट शेजारचा स्पर्धकही तक्रार करू शकतो. माल युरोपात जात असेल, तर २७ सप्टेंबर २०२६ पासून तिथेही अशा मोघम दाव्यांना बंदी लागू होते.

इतके खुलासे लिहिले तर जाहिरात उरते कुठे, असे तुम्ही म्हणाल. पण मला नेमका दावाच अधिक विकाऊ वाटतो. ‘लूपचे सूत प्रमाणित सेंद्रिय कापसाचे, टॉवेलच्या वजनाच्या ६० टक्के, उरलेले सूत साध्या कापसाचे’ एवढे छापा. क्यूआर कोडमागे सुताच्या प्रमाणपत्राची माहिती ठेवा. मात्र ‘६० टक्के’ हा आकडा वेष्टनावरच हवा. मर्यादा कोडमागे आणि फायदा पुढे, ही युक्ती आधी पकडली जाते. त्या खेपेच्या सुताचे व्यवहार-प्रमाणपत्र आणि लूपच्या वजनाची नोंद जपून ठेवा. पुढच्या हंगामात प्रमाण ५० टक्क्यांवर आले, तर जुनी वेष्टने वापरू नका.