न वटलेला हप्ता आणि त्यावरील शुल्क : ‘सिप’मागील देयक-यंत्रणा

म्युच्युअल फंडातील नियमित मासिक गुंतवणूक, म्हणजेच ‘सिप’, हा आता मध्यमवर्गीय बचतीचा नेहमीचा मार्ग झाला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये या मार्गाने येणारी मासिक रक्कम प्रथमच पंचवीस हजार कोटी रुपयांपलीकडे गेली. या गुंतवणुकीतील बाजाराच्या जोखमीची चर्चा पुष्कळ होते. परंतु हप्त्याच्या दिवशी बँकेच्या खात्यात पुरेशी शिल्लक नसेल तर काय घडते, याची माहिती क्वचितच दिली जाते. अर्थशास्त्राच्या आणि बँकिंगच्या अभ्यासकाने हा विषय देयक-व्यवस्थेच्या अंगाने समजून घेतला पाहिजे.

गुंतवणूकदार सिप सुरू करताना बँकेला एक आदेशपत्र देतो. त्याला ‘मँडेट’ म्हणतात. अमुक फंडाने मागणी केल्यास, ठरावीक कमाल मर्यादेपर्यंतची रक्कम माझ्या खात्यातून द्यावी, असा त्याचा आशय असतो. पूर्वी हे काम रिझर्व्ह बँकेच्या ‘ईसीएस’ पद्धतीने चाले. पुढे भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने (एनपीसीआय) ‘नाच’ ही राष्ट्रव्यापी समाशोधन व्यवस्था उभारली आणि ईसीएसची जागा तिने घेतली. हप्त्याच्या तारखेला फंडाची बँक मागण्यांची यादी या व्यवस्थेकडे पाठवते. प्रत्येक मागणी संबंधित गुंतवणूकदाराच्या बँकेकडे जाते. ती बँक खाते तपासून रक्कम देते, अथवा कारण नमूद करून मागणी परत करते. तपासणी बहुधा सकाळीच होत असल्याने त्याच दिवशी दुपारी भरलेले पैसे उपयोगी पडतीलच असे नाही. शिल्लक आदल्या दिवशी खात्यात असणे आवश्यक असते.

मागणी परत गेली की दोन स्वतंत्र परिणाम संभवतात आणि विद्यार्थ्यांची गल्लत नेमकी येथेच होते. फंडाच्या बाजूने फक्त त्या महिन्याचे युनिट मिळत नाहीत. फंड सामान्यतः दंड आकारत नाही. शुल्क आकारते ती गुंतवणूकदाराची स्वतःची बँक आणि तेही तिच्या स्वतःच्या दरपत्रकाप्रमाणे. रिझर्व्ह बँक हे दर ठरवून देत नाही. ते वाजवी असावेत आणि ग्राहकाला आधी कळवलेले असावेत, एवढीच तिची अपेक्षा असते. व्यवहारात एका परत गेलेल्या मागणीमागे काहीशे रुपये आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो.

एक उदाहरण घेऊ. जयपूरजवळच्या सांगानेर येथील छापकामाच्या एका कारखान्यात हिशेब पाहणारा एक कर्मचारी आहे, असे मानू. त्याने तीन फंडांत दरमहा प्रत्येकी १,००० रुपयांचे सिप सुरू केले असून तिन्हींची तारीख ५ आहे. वेतन एरवी महिन्याच्या १ तारखेस जमा होते, पण एका महिन्यात ते ७ तारखेला आले. ५ तारखेच्या सकाळी खात्यात ६०० रुपये होते. तीन मागण्या आल्या, तिन्ही परत गेल्या. बँकेचे शुल्क प्रत्येकी २५० रुपये आणि कर ४५ रुपये धरल्यास एकूण आकार ८८५ रुपये होतो. हीच गुंतवणूक एका फंडात ३,००० रुपयांच्या एकाच हप्त्याने केली असती, तर आकार २९५ रुपयेच झाला असता. शुल्क रकमेवर नसून मागणीच्या संख्येवर असते, हे येथे स्पष्ट दिसते.

पुढचा भाग अधिक उद्बोधक आहे. अनेकदा बँक हे शुल्क त्याच दिवशी न घेता काही दिवसांनी खात्यातून वळते करते. या कर्मचाऱ्याने पुढील महिन्यात ५ तारखेसाठी नेमके ३,००० रुपये राखून ठेवले आणि ३ तारखेला बँकेने मागील ८८५ रुपये कापले. शिल्लक उरली २,११५ रुपये. दोन हप्ते वटले, तिसरा परत गेला आणि २९५ रुपयांचा नवा आकार उभा राहिला. खात्यात आता ११५ रुपयेच असल्याने उरलेले १८० रुपये पुढच्या जमेतून वसूल होणार. पहिली चूक वेतनाच्या विलंबाची होती, दुसरी मात्र शुल्कानेच घडवली. तीनपैकी कोणता हप्ता आधी वटेल, हेही ग्राहकाच्या हाती नसते.

या आकाराचे वजन मोजण्याची एक साधी रीत आहे. वार्षिक १२ टक्के परतावा (हा केवळ मानलेला दर होय, त्याची हमी नसते) धरला, तर न गुंतवल्या गेलेल्या ३,००० रुपयांवर ८८५ रुपयांची वाढ होण्यास सुमारे सव्वादोन वर्षे लागली असती. एक महिना गुंतवणूक चुकल्याचे नुकसान मात्र जेमतेम ३० रुपयांचे. म्हणजे खरे नुकसान हप्ता चुकण्यात नसून त्यावरील आकारात आहे. स्थिर शुल्काचा भार लहान बचतकर्त्यावर अधिक पडतो, यालाच अर्थशास्त्रात प्रतिगामी भार म्हणतात. १०,००० रुपयांच्या हप्त्यावर २९५ रुपये म्हणजे तीन टक्क्यांहून थोडे कमी, तर ५०० रुपयांच्या हप्त्यावर ५९ टक्के. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘जननिवेश’ या नावाने २५० रुपयांचे सिप सुरू झाले. एवढ्या लहान हप्त्यावर असे शुल्क लागले तर ते हप्त्यापेक्षाही मोठे ठरेल. मागणी परत करण्याचा बँकेचा प्रत्यक्ष खर्च यंत्रचलित व्यवस्थेत फारच अल्प असतो, हे पाहता या शुल्काला सेवेचे मूल्य म्हणणे कठीण आहे.

मासिक सिपचे तीन हप्ते सलग परत गेल्यास फंड ते सिप बंद करतो. आधी जमलेले युनिट मात्र गुंतवणूकदाराचेच राहतात. परीक्षेच्या दृष्टीने येथे एक कायदेशीर भेद लक्षात ठेवावा. देयक व समझोता प्रणाली अधिनियम, २००७ च्या कलम २५ नुसार अपुऱ्या शिलकीमुळे इलेक्ट्रॉनिक देयक न वटणे हा गुन्हा ठरू शकतो व त्यास दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. पण त्यासाठी ते देयक कर्जाच्या अथवा अन्य देण्याच्या फेडीसाठी असावे लागते. गृहकर्जाचा हप्ता त्यात बसतो. सिप ही स्वेच्छेची गुंतवणूक असून देणे नसल्याने ती त्यात बसत नाही.

वेतनाची तारीख अनिश्चित असेल तर हप्ता वेतनानंतर आठ-दहा दिवसांनी ठेवणे आणि हप्त्याचे खाते खर्चाच्या खात्यापासून वेगळे ठेवणे, हे उपाय सोपे आहेत. सिप थांबवायचे असल्यास फंडाकडे लेखी अथवा ऑनलाइन विनंती करावी लागते. डिसेंबर २०२४ पासून अशी विनंती दोन कामकाजी दिवसांत अमलात आणणे अपेक्षित आहे. केवळ युनिट विकल्याने सिप थांबत नाही, मागणी येतच राहते व रिकाम्या खात्यावर शुल्कही लागत राहते.

पासबुकात शुल्काच्या नोंदीपुढे बहुधा NACH किंवा ACH ही अक्षरे व मागणी परत गेल्याची तारीख असते. ती तारीख आणि फंडाच्या विवरणातील हप्त्याची तारीख जुळवून पाहावी. पुरेशी शिल्लक असतानाही मागणी परत गेली असेल अथवा एकाच मागणीवर दोनदा आकार लागला असेल, तर प्रथम बँकेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. पूर्वी जयपूरच्या ग्राहकाला त्यासाठी तेथील लोकपाल कार्यालय गाठावे लागे. १२ नोव्हेंबर २०२१ च्या एकात्मिक योजनेने ही क्षेत्रनिहाय विभागणी संपवली आणि तक्रार देशात कोठूनही दाखल करण्याची सोय झाली.