पाच हजारांचा आकडा

मुलीला पुण्यात नोकरी लागली, कराडच्या आमच्या घरी पेढे वाटून झाले आणि त्याच संध्याकाळी यांनी हिशेब मांडला. वर्षाला 4 लाख 20 हजार, म्हणजे महिन्याला 35 हजार. त्यातले 10 हजार तिने घरी पाठवायला काय हरकत आहे? मलाही ते पटलं. तुमच्या घरीही असा हिशेब झाला असेल किंवा लवकरच होईल, म्हणून आमचं काय चुकलं ते सांगते.

पहिल्या पूर्ण महिन्याचे खात्यात जमा झाले 29,700. पगारपत्रक पाहिलं तेव्हा उलगडा झाला. मूळ पगार 17,500, त्याचे 12 टक्के म्हणजे 2,100 तिच्या पीएफला गेले. कंपनीनेही तेवढेच भरले, पण तो वाटा आधीच त्या 35 हजारांत धरलेला होता. ग्रॅच्युइटीची तरतूदही त्यातच. वर 200 रुपये व्यवसाय कर. तरीही आम्ही 10 हजारांचा आकडा बदलला नाही, आणि ती बिचारी निमूटपणे पाठवत राहिली.

दिवाळीला आली तेव्हा तिच्या मोबाइलवर क्रेडिट कार्डाच्या बिलाचा मेसेज मी पाहिला. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "आई, वीस तारखेनंतर पैसे उरत नाहीत गं. मग जेवणखाण कार्डावर करते आणि बिलाची किमान रक्कम तेवढी भरते." किमान रक्कम भरली की दंड टळतो, पण उरलेल्या रकमेवर व्याज चढतच राहतं, तेही वर्षाला चाळीस टक्क्यांच्या घरात. आणि तिने पाठवलेले पैसे कुठे होते? बरेचसे माझ्या बचत खात्यात, तिच्या लग्नासाठी म्हणून पडून. त्यावर व्याज मिळत होतं तीन टक्क्यांच्या आसपास. पोरगी महागडं कर्ज काढून आमचं खातं भरत होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी आधी तिचं कार्डाचं बिल पूर्ण फेडलं, मग तिघं वही घेऊन बसलो.

तिच्या वाट्याचं खोलीभाडं 8,000. वीज, इंटरनेट, कामवाल्या मावशी मिळून 1,000. डबा आणि नाश्ता 5,000. बस, रिक्षा, मोबाइल 2,500. हे 16,500 टळणारे नाहीत. मग घरचं विचारलं: आपल्याला खरंच किती लागतं? यांच्या शुगरच्या गोळ्या 1,900 आणि धाकट्याच्या मेसचे 3,000. बाकी घर यांच्या पेन्शनवर चालतं. असा घरचा आकडा ठरला 5,000. गरजेतून आलेला, म्हणून तिलाही तो जड वाटत नाही.

4,500 अडीअडचणीच्या पैशांचे. पगार महिनाअखेरीस होतो. 1 तारखेला ते आपोआप आरडीत जातात. महिनाअखेर उरेल ते टाकू म्हटलं तर काहीच उरत नाही, हे तिने अनुभवलं होतं. आरडी अशासाठी, की यूपीआयवरून पटकन खर्च होत नाही, आणि गरज पडली तर थोडं व्याज सोडून मोडता येते. 11 महिन्यांत 49,500 जमतात, म्हणजे तिचे तीन महिन्यांचे न टळणारे खर्च. खोलीचा करारही 11 महिन्यांचाच असतो. खोली बदलायची झाली तर नवं डिपॉझिट आधी भरावं लागतं, जुनं मागाहून मिळतं. तेव्हा हेच पैसे हाताशी असतात. पीएफ चालू आहेच, म्हणून पहिल्या वर्षी दुसरी गुंतवणूक नको असं आम्ही ठरवलं.

उरले 3,700. ते तिचे. त्यांचा हिशेब आम्ही विचारत नाही. फेब्रुवारीत मामेभावाचं लग्न होतं, तेव्हा यांच्या तोंडून निघून गेलं, "आरडीतले पाच हजार काढ ना." मी तिथेच थांबवलं. नोकरी गेली, आजारपण आलं, खोली सोडावी लागली, एवढ्यासाठीच ते पैसे. आहेर यथाशक्ति केला, आणि तो आमच्या पैशांतून.

एक गोष्ट मात्र आम्हाला उशिरा कळली. कंपनीच्या आरोग्य विम्यात तिचं नाव आहे, आमचं नाही. आमच्यापैकी कुणाला दवाखान्यात ठेवायची वेळ आली असती तर तिची आरडी दोन दिवसांत संपली असती. लग्नाच्या नावाने साठवलेल्या त्याच पैशांतून आम्ही दोघांचा विमा उतरवला. शुगर आधीपासूनची असल्याने तिच्याशी निगडित उपचारांना काही काळ थांबावं लागणार आहे, पण सुरुवात तरी झाली.

तुमच्या मुलाचा किंवा मुलीचा पहिला पगार झाला की किती पाठवशील, हे एवढ्यात विचारू नका. आधी विचारा, हातात किती आले आणि भाडं किती आहे. घरचा आकडा त्यानंतर सांगा.