सोनेरी मिशी आणि दोन दिवसांची वाट

भाच्याच्या हळदीच्या दिवशी सकाळी मी थ्रेडिंग केलं आणि उरलीसुरली लव लपावी म्हणून दुपारी त्यावरच ब्लीच लावलं. पाच मिनिटांत आग आग झाली. संध्याकाळी फोटोत हळदीपेक्षा माझा वरचा ओठच उठून दिसत होता. लाली दोन दिवसांत गेली, पण तपकिरी डाग दोन महिने राहिला. तेव्हापासूनचे हे अनुभवाचे बोल.

१. आधी लव कशी आहे ते पाहावं. ब्लीच केस काढत नाही. त्यातलं हायड्रोजन पेरॉक्साइड केसाचा रंग तेवढा उडवतं. लव मऊ, बारीक असेल तर ती त्वचेत मिसळून जाते. माझी राठ आणि रंग गव्हाळ, त्यामुळे उन्हात उभी राहिले की सोनेरी मिशी चमकायची. अशा केसांना दोराच बरा, पण दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पार्लर गाठावं लागतं.

२. दोन्ही एका दिवशी नकोत. दोऱ्याने केस मुळासकट उपटला की त्वचा सोललेली नसली तरी दुखावलेली असते. त्यावर ब्लीच जास्त झोंबतं. आता मी मध्ये निदान दोन-तीन दिवस जाऊ देते. मुरुमांसाठी रेटिनॉइडचं मलम चालू असेल तर त्वचा आधीच नाजूक झालेली असते. तेव्हा दोन्ही टाळते आणि डॉक्टरांना विचारते.

३. चाचणी नेहमीच्याच मिश्रणाची हवी. नुसतं क्रीम हाताला लावून काही कळत नाही, कारण अनेक ब्लीचच्या पावडरीत अमोनियम पर्सल्फेट असतं आणि ॲलर्जी त्याचीही येते. डब्यावरच्या प्रमाणात हरभऱ्याएवढं मिश्रण कालवून ते कोपराच्या आतल्या बाजूला, ओठावर ठेवणार तेवढीच मिनिटं ठेवते आणि धुते. लवकर उजळावं म्हणून पावडर वाढवली तर झोंबणंच वाढतं.

४. निकाल दुसऱ्या दिवशीही लागतो. एका नव्या डब्याची चाचणी घेतली तेव्हा धुतल्यावर हात स्वच्छ होता. दुसऱ्या रात्री तिथे खाज सुटली, बारीक पुरळ उठलं. लगेच होणारी आग ही बहुधा जळजळ असते. ॲलर्जी मात्र एक-दोन दिवसांनी तोंड दाखवते. म्हणून पूर्ण ४८ तास थांबते. तो डबा पुन्हा उघडला नाही.

५. हात पास झाला म्हणजे ओठ पास झाला असं नाही. ओठावरची त्वचा जास्त नाजूक. ओठांच्या कडेला आणि नाकपुडीखाली व्हॅसलीन लावते, घड्याळ समोर ठेवते. किंचित चुरचुर चालते. आग झाली की मिनिटं न मोजता ओल्या कापसाने पुसून गार पाण्याने धुते.

आता घरात लग्न असलं की चाचणी आठवडाभर आधी होते. हळदीच्या सकाळी ओठांवर नवं काहीच नाही.