चारच्या जागी नऊ

काल तू विचारलंस, के-मॅपमध्ये तीन एकांचा गट केला तर असं काय मोठं बिघडतं? काय बिघडतं ते मी तोंडी परीक्षेत, बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर पाहिलंय. मार्कही माझेच गेले, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमचा प्रोजेक्ट काउंटर आणि सेव्हन-सेगमेंट डिस्प्लेचा होता. मधला डिकोडर तयार आयसी न वापरता गेट्सनी करायचा होता. वरच्या आडव्या पट्टीचा, म्हणजे a सेगमेंटचा मॅप मी सोडवून दिला होता. आमच्या डिस्प्लेवर ही पट्टी १ आणि ४ सोडून बाकी सगळ्या अंकांना लागायची. १० ते १५ या सहा घरांत X. माझं उत्तर हे होतं:

```
a = A + C + BD + B'D'
```

पार्टनरला ते फारच छोटं वाटलं. एवढ्यात कसं भागेल, म्हणून त्यानं मला न विचारता आदल्या रात्री मॅप पुन्हा सोडवला आणि वायरी बदलल्या:

```
a = A'C + AB'C' + A'B + A'B'C'D'
```

परीक्षेत काउंटर सुरू झाला. ०, १, २, ३ व्यवस्थित आले, आणि मग शेपूट नसलेला ९ दिसला. त्यापुढे ५. सगळ्यांना वाटलं वायर सैल आहे. पार्टनर ब्रेडबोर्ड दाबत बसला. मी त्याच्या पुढ्यातला कागद ओढून पाहिला. AB = 01 च्या ओळीत ५, ७ आणि ६ या तीन घरांभोवती एकच गोल होता. तेव्हाच कळलं, ४ ला वरची पट्टी का लागतेय. परीक्षकांनी विचारलं, मॅप कोणी काढला? त्यानं शांतपणे माझ्याकडे बोट दाखवलं. ते मी अजून विसरलेले नाही.

आता त्या गोलाचं गणित बघ. ५, ७, ६ मध्ये समान काय, तर A शून्य आणि B एक, म्हणून त्यानं A'B लिहिलं. पण चार चलांच्या मॅपमध्ये दोन चलांचं पद नेहमी चार घरं व्यापतं. गोल तिघांभोवती काढला तरी गेटला तो गोल दिसत नाही. A'B चौथ्या घरालाही, म्हणजे ४ लाही, एक देणारच. म्हणून गट १, २, ४, ८ असेच हवेत. पद लिहून झालं की त्यातली चलं मोज: तीन असतील तर गटात दोन घरं, दोन असतील तर चार, एकच असेल तर आठ. हिशेब जुळला नाही तर गट चुकला. शेवटी प्रत्येक शून्याचं घर सगळ्या पदांत घालून बघ. इथे शून्यं दोनच होती, १ आणि ४. अर्ध्या मिनिटाचं काम होतं, तेही त्यानं केलं नाही.

दुसरी चूक A'B'C'D' मध्ये आहे. ० क्रमांकाच्या घराला कागदावर लागून १ आणि ४ आहेत आणि दोन्हीत शून्य, म्हणून त्यानं ते घर एकटंच सोडलं. पण त्याचे उरलेले दोन शेजारी कडेपलीकडे आहेत: उजव्या टोकाला २ आणि तळाला ८. या दोघांपासूनही ते एकाच बिटनं वेगळं आहे. चौथ्या कोपऱ्यात १० चा X आहे. चारही कोपरे मिळून B'D' होतं. या चुकीनं आकडा बिघडत नाही, म्हणून ती पकडली जात नाही. फक्त दोन इनपुटच्या अँडच्या जागी चार इनपुटचा अँड लागतो. माझ्या उत्तरातले दोन्ही अँड एकाच ७४०८ मध्ये बसत होते. एखादं घर एकटं उरलंय असं वाटलं, की आधी चारही कडा तपास.

X च्या बाबतीत त्यानं सगळे शून्य धरले. त्यामुळे A एवढ्याच पदाऐवजी AB'C' आलं. काही जण उलटं करतात, नुसत्या X चाही वेगळा गट करतात. तोही करू नकोस, ते गेट फुकट जातं. X घ्यायचा तो एकांचा गट मोठा होत असेल तरच, आणि एकच X दोन-तीन गटांत चालतो. माझ्या उत्तरात १० चा X तीन गटांत आहे.

मात्र गटात घेतलेला X सर्किटमध्ये खरोखर एक होतो. माझ्या A मुळे १० ते १५ सगळ्यांना वरची पट्टी लागते. आमचा काउंटर ७४९० होता, नऊपर्यंतचा, म्हणून ते चाललं. तिथे ७४९३ असता तर तो १५ पर्यंत मोजतो. मग त्या घरांत X लिहिण्याआधी तिथे काय दिसायला हवं ते ठरवावं लागलं असतं. आणि पार्टनरला दिलेल्या प्रत्येक मॅपची प्रत तारीख घालून स्वतःजवळ ठेव.